कृष्णधवल की रंगीत? एका साध्या प्रश्नाची चार उत्तरे

🧵 १.
‘हम लोग’ ही मालिका कृष्णधवल होती की रंगीत? प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला की, ज्यांनी ती मालिका घरी बसून पाहिली त्यांच्यापैकी अनेक जण ‘कृष्णधवल’ असे ठामपणे सांगतात. आंतरजालावर तिचे तुकडे पाहिलेली तरुण मंडळी तितक्याच ठामपणे ‘रंगीत’ म्हणतात. दोन्ही बाजूंकडे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असतो आणि कोणीही खोटे बोलत नसते. एवढ्या अलीकडच्या, लाखो लोकांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल असा मतभेद कसा होतो, हे या धाग्यात पाहायचे आहे.

२.
मतभेदाचे मूळ प्रश्नातच आहे. तो एक प्रश्न दिसत असला तरी त्यात चार प्रश्न दडलेले असतात. मालिकेचे चित्रण रंगीत झाले होते का? तिचे पहिले प्रक्षेपण रंगीत झाले का? पाहणाऱ्याच्या घरातला संच रंगीत होता का? आणि आज जी प्रत उरली आहे ती रंगीत आहे का? रंग रुळून गेल्यावर या चारही प्रश्नांचे उत्तर आपोआप एकच येऊ लागले. संक्रमणाच्या वर्षांत मात्र ही उत्तरे एकमेकांपासून सुटी होती. सुरुवातीच्या मालिकांबद्दलच्या बहुतेक चुकीच्या ‘रंजक माहिती’चा उगम याच सुटेपणात आहे.

३.
हा गुंता सर्वांत स्वच्छ उलगडतो तो ब्रिटनच्या उदाहरणात. तिथले संक्रमण टप्प्याटप्प्याने झाले, प्रत्येक टप्प्याची तारीख ठाऊक आहे आणि हरवलेल्या भागांचा शोध तिथे अनेक वर्षे चिकाटीने घेतला गेला आहे. शिवाय ब्रिटनने स्वीकारलेली ‘पाल’ ही रंगीत प्रणालीच पुढे भारतानेही घेतली. त्यामुळे तिथे लंडनमध्ये जे घडले त्याचे तांत्रिक नियम दिल्ली-मुंबईलाही लागू पडतात. म्हणून आधी लंडनला जाऊन मग ‘हम लोग’कडे येऊ.

४.
प्रथम तंत्र, अगदी थोडक्यात. रंगीत प्रक्षेपण सुरू करताना अभियंत्यांपुढे एक अट होती. लोकांच्या घरातले जुने कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत. म्हणून रंगीत चित्र दोन भागांत विभागून पाठवले गेले. पहिला भाग निव्वळ उजेड-अंधाराचा, म्हणजेच संपूर्ण कृष्णधवल चित्र. दुसरा भाग फक्त रंगाची माहिती सांगणारा; तो सुमारे ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या एका वेगळ्या लहरीवर बसवून पहिल्या भागातच मिसळलेला असे. रंगीत संच दोन्ही भाग वाचत असे. कृष्णधवल संच पहिला भाग वाचून चित्र दाखवत असे. दुसऱ्या भागाचा अर्थ त्याला लागत नसे.

५.
त्या उजेडाच्या भागात सगळ्या रंगांचा वाटा सारखा नसतो. मानवी डोळ्याला हिरवा रंग सर्वाधिक उजळ वाटतो, म्हणून हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, तांबड्याचा ३० टक्के आणि निळ्याचा अवघा ११ टक्के धरला गेला. परिणाम असा की, गडद हिरवा आणि त्याहून भडक तांबडा असे दोन परस्परविरोधी रंग कृष्णधवल पडद्यावर एकाच राखाडी छटेत उतरू शकतात. कृष्णधवल संचासमोर बसलेल्या माणसाला मूळ वस्त्राचा रंग ओळखणे अशक्यच होते. त्याची स्मृती खरी असते. फक्त ती स्टुडिओची नसून त्याच्या संचाची असते.

६.
आता तारखा. ‘बीबीसी टू’ या वाहिनीवर १ जुलै १९६७ रोजी विम्बल्डनच्या टेनिस सामन्यांनी रंगीत प्रक्षेपणाचा आरंभ झाला. परंतु ही तुलनेने कमी पाहिली जाणारी वाहिनी होती. लोकप्रिय मालिका जिथे लागत त्या ‘बीबीसी वन’ आणि ‘आयटीव्ही’ या वाहिन्यांवर रंग अधिकृतपणे आला तो १५ नोव्हेंबर १९६९ रोजी. म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ एकाच देशात, एकाच संस्थेची एक वाहिनी रंगीत आणि दुसरी कृष्णधवल होती.

७.
प्रेक्षकांच्या घरांत तर रंग याहूनही सावकाश पोहोचला. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी पाहायला परवाना लागतो. १९६९ मध्ये कृष्णधवल परवाना ६ पौंडांचा आणि रंगीत परवाना ११ पौंडांचा होता. जुने प्रक्षेपण ४०५ रेषांचे होते, रंगीत प्रक्षेपण ६२५ रेषांचे व वेगळ्या लहरींवरचे. त्यामुळे महागड्या संचाबरोबर बहुधा नवी अँटेनाही घ्यावी लागे. रंगीत परवान्यांची संख्या कृष्णधवल परवान्यांच्या पुढे जायला १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तोपर्यंत देशातली बहुसंख्य घरे रंगीत कार्यक्रम राखाडी छटांतच पाहत होती.

८.
या पार्श्वभूमीवर एकच भाग हाती घेऊन त्याचा प्रवास पाहू. ‘डॅड्स आर्मी’ ही बीबीसीची विनोदी मालिका ३१ जुलै १९६८ रोजी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आक्रमणाच्या भीतीने उभारलेल्या ‘होम गार्ड’ या नागरी दलातील वयस्क स्वयंसेवकांची ही कथा. जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट हे तिचे लेखक. पहिली दोन पर्वे कृष्णधवल होती. १९६९ मध्ये तिसऱ्या पर्वाचे चित्रण रंगीत झाले. त्या पर्वातील ‘रूम ॲट द बॉटम’ हा सहावा भाग आपले उदाहरण आहे. दलाचे प्रमुख कॅप्टन मेनवेअरिंग यांची नियुक्ती कधी रीतसर झालीच नव्हती असे निघते आणि त्यांना साध्या शिपायाच्या पदावर उतरावे लागते, असे त्याचे कथानक.

९.
या भागाचे पहिले प्रक्षेपण १६ ऑक्टोबर १९६९ रोजी झाले. आता ही तारीख सहाव्या टिपणातल्या तारखेशेजारी ठेवून पाहा. ‘बीबीसी वन’वर रंग अधिकृतपणे येण्यास अजून एक महिना होता. म्हणजे कॅमेऱ्याने रंग टिपला, चित्रफितीवर रंग नोंदला गेला, पण प्रेक्षकांसाठी तो भाग कृष्णधवलच होता. चित्रण रंगीत, पहिले प्रक्षेपण कृष्णधवल. ‘डॅड्स आर्मीचे तिसरे पर्व रंगीत’ हे विधान निर्मितीच्या दृष्टीने अचूक आहे. त्या गुरुवारी घरोघरी बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ते चुकीचे आहे.

१०.
पुढे त्या भागाची रंगीत चित्रफीतच पुसली गेली. आज हे ऐकताना अविश्वसनीय वाटते, पण त्या काळच्या व्यवहारात ते नित्याचे होते. दोन इंच रुंदीची ती चित्रफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम हवे तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसत. घरी चित्रफिती विकत घेऊन पाहण्याची सोय नव्हती. जे पुन्हा दाखवता येत नाही आणि विकताही येत नाही, ते कपाटात का ठेवावे, असा तो हिशेब होता.

११.
या हिशेबात रंगाने मोठी भर घातली. परदेशी वाहिन्यांना मालिका विकण्यासाठी बीबीसी त्यांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर कृष्णधवल प्रती काढत असे. जोवर जग कृष्णधवल होते तोवर या प्रतींना गिऱ्हाईक होते. देशोदेशी रंग येऊ लागला तशी ही मागणी आटली. पुष्कळशा मूळ चित्रफिती आधीच पुसल्या गेल्या होत्या. आता विक्रीसाठीच्या फिल्मही टाकून दिल्या जाऊ लागल्या. ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे १९६३ ते १९६९ या काळात २५३ कृष्णधवल भाग झाले. त्यांतले कित्येक आज नाहीत ते याच दुहेरी नाशामुळे. १९७८ च्या सुमारास बीबीसीचे धोरण बदलले आणि जतनाची पद्धतशीर व्यवस्था झाली, तेव्हा कुठे हे थांबले.

१२.
म्हणजे रंगाने कृष्णधवल मालिकांची फक्त जागा घेतली नाही. त्यांचे बाजारमूल्य संपवून त्यांच्या नाशाला हातभार लावला. ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या, कृष्णधवल पर्वातले पाच भाग असेच गहाळ झाले होते. त्यांपैकी दोन २००१ मध्ये सापडले, तीन अजूनही नाहीत. या भागांबद्दल जी माहिती आज सांगितली जाते ती संहिता, छायाचित्रे, नोंदी आणि आठवणी यांवर आधारलेली आहे. एखाद्या हरवलेल्या भागातल्या दृश्याविषयी कोणी बारीक तपशील सांगू लागला, तर त्याने ते कशावरून सांगितले हा पहिला प्रश्न असायला हवा.

१३.
‘रूम ॲट द बॉटम’ मात्र पूर्ण हरवला नाही. त्याची कृष्णधवल फिल्म प्रत उरली. एका उत्तम पडद्यावर कार्यक्रम लावायचा आणि त्यासमोर फिल्म कॅमेरा ठेवून पडदाच चित्रित करायचा, अशा रीतीने या प्रती काढल्या जात. रंगीत चित्रफितीवरूनही अशीच कृष्णधवल प्रत निघे. त्यामुळे पुढे अनेक वर्षे हा भाग पाहणाऱ्याला तो कृष्णधवलच दिसला. रंगीत पर्वाच्या मधोमध एक राखाडी भाग. ‘हा एकच भाग कृष्णधवल का काढला असावा?’ असा चुकीचा प्रश्न येथून सहज जन्माला येऊ शकतो.

१४.
पण त्या फिल्ममध्ये एक अनपेक्षित गोष्ट शिल्लक होती. चौथ्या टिपणातली रंगाची लहर आठवा. कृष्णधवल पडद्याला तिचा अर्थ कळत नसे, पण ती पूर्णपणे अदृश्यही नसे. रंग जिथे गडद, तिथे पडद्यावर अतिशय बारीक ठिपक्यांची जाळी उमटत असे. प्रत काढताना ही लहर गाळणीने अडवता येत होती. कित्येकदा तसे केले गेले नाही. मग कॅमेऱ्याने चित्राबरोबर ती जाळीही टिपली. तेव्हाच्या तंत्रज्ञांसाठी तो निव्वळ दोष होता. पुसल्या गेलेल्या रंगाची नोंद त्या दोषातच राहून गेली होती.

१५.
ती जाळी वाचता येईल, ही कल्पना प्रत्यक्षात यायला २१ वे शतक उजाडावे लागले, कारण काम किचकट होते. एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. तेवढ्यात रंगाच्या लहरीची सुमारे २३० आवर्तने होतात. ज्या पडद्यावरून फिल्म काढली तो किंचित वक्र, फिल्म थोडी हललेली, काही ठिकाणी आकसलेली. संगणकाला प्रत्येक चौकट आधी ताणून-सरळ करून प्रत्येक ठिपका त्याच्या मूळ जागी, एका ठिपक्याहूनही कमी चुकीने, नेऊन बसवावा लागतो. जागा चुकली की रंग चुकतो.

१६.
त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. रंगाची लहर वाचायला एक संदर्भ लागतो; घड्याळात काटा कुठे आहे हे सांगायला बारा कुठे हे ठाऊक असावे लागते, तसा. प्रक्षेपणात हा संदर्भ प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला, दिसणाऱ्या चित्राच्या बाहेर असतो. तो पडद्यावर दिसतच नाही, म्हणून फिल्मवरही आलेला नाही. त्यामुळे चित्राच्या प्रत्येक तुकड्यासाठी चार संभाव्य उत्तरे निघतात. त्यांतले योग्य कोणते हे संगणक शेजारच्या तुकड्यांशी ताडून ठरवतो आणि शेवटी माणूस तपासतो. चेहरा हिरवा दिसत असेल तर निवड चुकली.

१७.
या पद्धतीने ‘रूम ॲट द बॉटम’चा रंग परत मिळवला गेला आणि १३ डिसेंबर २००८ रोजी तो भाग ‘बीबीसी टू’वर रंगीत दाखवला गेला. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी ब्रिटनच्या घरांत न पोहोचलेला रंग ३९ वर्षांनी, एका कृष्णधवल प्रतीतून, घरोघरी आला. आता चार प्रश्नांची उत्तरे ओळीने मांडून पाहा. चित्रण रंगीत. पहिले प्रक्षेपण कृष्णधवल. घरातले दृश्य कृष्णधवल. उरलेली प्रत कृष्णधवल, आणि २००८ पासून तिच्यातूनच काढलेली रंगीत. ‘हा भाग रंगीत होता का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा प्रत्येक जण अर्धवट बरोबर आहे.

१८.
इथे एक भेद काटेकोरपणे सांभाळायला हवा. परत मिळवलेला रंग वेगळा आणि नव्याने भरलेला रंग वेगळा. पहिला मूळ संकेतातून वाचलेला असतो. दुसरा कोणीतरी विचारपूर्वक निवडलेला असतो. ‘डॉक्टर हू’मधील १९७१ ची ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ ही सहा भागांची कथा मुळात रंगीत होती आणि कृष्णधवल फिल्मवर उरली होती. तिच्या दुसऱ्या ते सहाव्या भागांच्या फिल्मवर ठिपके होते. त्यांतून रंग मिळाला. पहिल्या भागावर ते नव्हते, म्हणून त्यात रंग हाताने भरावा लागला. आज सहाही भाग सलग पाहताना शिवण जाणवत नाही. पण पहिल्या भागातल्या कोटाचा रंग हा पुरावा नाही, तो एक अभ्यासपूर्ण अंदाज आहे.

१९.
कृष्णधवल काळातल्या वस्तूंच्या ‘खऱ्या’ रंगाविषयीचे प्रश्नही असेच निसरडे असतात. ‘डॉक्टर हू’च्या पहिल्या वर्षांत कालयानाच्या आतले नियंत्रण-मेज पडद्यावर पांढरे दिसे. प्रत्यक्षात त्याला फिकट हिरवा रंग दिलेला होता, कारण शुभ्र पांढऱ्या पृष्ठभागावर त्या काळच्या कॅमेऱ्यांत चित्र फुटे. तो हिरवा रंग प्रेक्षकाने पाहावा म्हणून दिलेलाच नव्हता. पडद्यावर नीट पांढरे दिसावे म्हणून दिला होता. मेज हिरवे होते हे वस्तूबद्दलचे सत्य, पांढरे होते हे मालिकेबद्दलचे सत्य. प्रश्न कशाबद्दल आहे हे आधी ठरवल्याशिवाय दोहोंपैकी कोणतेही उत्तर चूक ठरवता येत नाही.

२०.
आतापर्यंतच्या उदाहरणांवरून असे वाटेल की काळ नेहमी कृष्णधवलाकडून रंगाकडेच गेला. तसेही नाही. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१ या काळात ‘आयटीव्ही’च्या तंत्रज्ञांनी रंगीत उपकरणे हाताळण्यासाठी जादा वेतन मागितले आणि ते मिळेपर्यंत रंगीत काम करण्यास नकार दिला. कार्यक्रम बंद पडले नाहीत; ते पुन्हा कृष्णधवल होऊ लागले. नेमक्या त्याच काळात लंडनमधल्या एका श्रीमंत घरातील मालक-नोकरांची कथा सांगणाऱ्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ या मालिकेचे चित्रण सुरू झाले होते. तिचे पहिले सहा भाग त्यामुळे कृष्णधवल झाले.

२१.
कृष्णधवल भाग परदेशी विकणे कठीण, हे निर्मात्यांना ठाऊक होते. म्हणून १९७१ मध्ये पहिल्या भागाचे चित्रण पुन्हा, रंगात करण्यात आले आणि त्याचे दोन शेवट तयार ठेवले गेले. एकात सारा ही मोलकरीण घरात राहते, दुसऱ्यात ती घर सोडून जाते. मधले कृष्णधवल भाग ज्या वाहिनीला नको असतील, तिने दुसरा शेवट वापरावा आणि पुढच्या रंगीत भागांकडे जावे, अशी ती सोय होती. मालिका १० ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाली. अमेरिकेत ती गेली तेव्हा कृष्णधवल भाग वगळूनच दाखवली गेली. एकाच मालिकेच्या आरंभाबद्दल दोन देशांतल्या प्रेक्षकांच्या आठवणी त्यामुळे वेगळ्या आहेत. इथे रंगाने दृश्यच नव्हे, कथानकही बदलले.

२२.
मग खात्री कशी करायची? कृष्णधवल प्रत समोर असेल तर भडक कपडे, पडदे, फुले अशा जागी चित्र मोठे करून बारीक, सरकती जाळी दिसते का ते पाहावे. दिसली तर मूळ संकेत रंगीत होता. न दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. प्रत काढताना गाळणी लावलेली असू शकते. चित्रणाची आणि प्रक्षेपणाची तारीख नेहमी वेगवेगळी शोधावी, कारण दोहोंत कधी आठवडे तर कधी महिने जातात. त्या वाहिनीवर, त्या भागात रंगीत प्रक्षेपण कधी सुरू झाले ते पाहावे. आठवण सांगणाऱ्याला ‘तुमच्याकडे संच कोणता होता?’ हे विचारल्याखेरीज त्याची साक्ष निकालात काढू नये आणि स्वीकारूही नये.

२३.
आता भारत. आपल्याकडे दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढची जवळजवळ दहा वर्षे सर्व काही कृष्णधवल होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून देशभर एकत्र दाखवला जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण यांची सुरुवात झाली. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरपासून दिल्लीत भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांनी रंगीत संचाची ओढ लावली. पण संच महाग होते. गल्लीत एखाद्या घरी रंगीत आणि बाकीच्यांकडे कृष्णधवल, अशी स्थिती पुढे बराच काळ होती.

२४.
‘हम लोग’ सुरू झाली ती ७ जुलै १९८४ रोजी. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन, पी. कुमार वासुदेव यांचे दिग्दर्शन आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार यांचे भाष्य. चित्रण रंगीत, प्रक्षेपण रंगीत आणि आज दिसणारे तुकडेही रंगीत. मग त्या ठाम आठवणींचे काय? त्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहेत. घरातला संच कृष्णधवल होता, आणि ‘पाल’ प्रणालीच्या रचनेप्रमाणे त्याने रंगाचा भाग बाजूला ठेवून उजेड-अंधाराचे चित्र इमानाने दाखवले. पाहणाऱ्याला काही गाळले जात आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता.

२५.
‘हम लोग’शी जोडलेली आणखी एक प्रसिद्ध माहिती आहे: ‘भारतातली पहिली मालिका’. मराठी प्रेक्षकांनी हे वाचून थांबायला हवे. मुंबई दूरदर्शनवर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ लागत असे. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती कृष्णधवल होती, मराठी होती आणि मुंबई केंद्राच्या टप्प्यातल्या प्रेक्षकांपुरती होती. राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग एकाच दिवशी आल्यामुळे १९८२ ही जणू गणनेची आरंभरेषा ठरली आणि तिच्या अलीकडच्या केंद्रांवरचे काम ‘पहिली’च्या शर्यतीतून आपोआप बाद झाले.

२६.
म्हणून ‘पहिली’ या शब्दाआधी जे विशेषण गाळले जाते ते परत बसवावे. ‘हम लोग’ ही देशभर एकाच वेळी दिसलेली, दीर्घकाळ चाललेली पहिली मोठी हिंदी कौटुंबिक मालिका असे म्हटले तर ते विधान टिकते, आणि ‘चिमणराव’चे काही हिरावलेही जात नाही. तसेच ‘कृष्णधवल की रंगीत?’ या प्रश्नापुढे चारांपैकी एक शब्द जोडावा: चित्रण, प्रक्षेपण, संच की प्रत. पुढच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला आणि घरातल्या ज्येष्ठांनी ‘कृष्णधवल’ म्हटले, तर त्यांची चूक काढण्याआधी १९८४ मध्ये दिवाणखान्यात कोणता संच होता ते विचारावे. त्या घरापुरते त्यांचे उत्तर अचूक आहे.

(समाप्त)